सोलर पॅनल बसवण्याआधी गच्चीवर नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: तळेगावला आमचं १९९८ चं एक मजली आरसीसी घर आहे. ३ किलोवॉट सोलर घ्यायचं ठरवलंय. गच्ची पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिण-उत्तर ३६ फूट. नैऋत्येला जिन्याची खोली आणि तिच्यावर १००० लिटरची टाकी. उत्तरेच्या ४ फुटांखाली बाल्कनी आहे, तिथून आत १० फुटांवर खालच्या खोल्यांमधली भिंत व बीम. मूळ ब्रिकबॅट कोबा आहे, त्यावर २०१२ मध्ये चायना मोझाइक केलं. पावसाळ्यात उत्तरेच्या बेडरूमच्या छताला ओल येते. पूर्वेच्या रस्त्यावरून महावितरणची लाईन जाते. व्हेंडर १५ मिनिटांत बघून गेला. म्हणतो, मधोमध ८ फुटी स्ट्रक्चर उभं करू, स्लॅबला अँकर मारू, काही होत नाही. तो गेल्यापासून झोप उडालीय. सर्व्हेत नेमकं काय बघायला हवं होतं?

उत्तर:

तुमच्या मनात ताकद, गळती, सावली आणि कामगारांची सुरक्षितता असे चार वेगळे प्रश्न असतील. माझ्या कामात हे चारही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन अडतात: स्ट्रक्चरचे पाय कुठे टेकणार? पाय बीमवर आले तर ताकदीचा प्रश्न सुटतो. ते कोब्यात कसे धरले, यावर गळती ठरते. ते कुठे आणि किती उंच, यावर सावली आणि माणसाच्या पडण्याचा धोका ठरतो. म्हणून सर्व्हेचा शेवट फोटोंनी होता कामा नये, पायांच्या खुणा असलेल्या नकाशाने व्हायला हवा. तुमच्या व्हेंडरने तो काढलेला नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

आधी ताकदीचं बघू. बहुतेकांना पॅनलच्या वजनाची भीती वाटते, ती तुमच्या बाबतीत तरी निराधार आहे. ५५० वॉटचं एक पॅनल साधारण २८ ते ३२ किलोचं, म्हणजे सहा पॅनल दोनशे किलोच्या आत. लोखंड धरून साडेतीनशेच्या आसपास. पॅनलचं एकूण क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला पंचवीस किलोही होत नाहीत. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक १५० किलोचा भार धरायला सांगतं.

याउलट तुमच्या स्लॅबवर आधीच जे बसलंय त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पाच इंची ब्रिकबॅट कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातो. त्यावर २०१२ मध्ये जुना थर न काढता नवा थर आणि चायना मोझाइक केलं असेल, तर आणखी शंभर-दीडशे किलो चढले. एकूण जाडी किती आहे ते तोडफोड न करता कळतं. पावसाच्या पाईपच्या तोंडाशी कोब्याची कड उघडी असते, तिथे पट्टी लावा. ते जमलं नाही तर कठड्याची उंची आतून मोजा, बाहेरून स्लॅबच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि वजाबाकी करा. कोब्याला ढाळ असतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी मोजा. आठ इंचांच्या पुढे जाडी निघाली, तर पॅनलचा विचार बाजूला ठेवून आधी वरचा थर काढण्याबद्दल बोलायला हवं.

मग खाली जाऊन छत बघा. पोपडे सुटलेत का, सळईच्या रेषेत तपकिरी डाग आहेत का, बीमच्या खालच्या कडेला लांब सरळ चीर आहे का. लाकडी हातोडीने हलकं ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर सळईवरचं काँक्रीटचं कव्हर आतून सुटलंय. तुमच्या उत्तरेच्या बेडरूममध्ये हे विशेष काळजीने करा, कारण तिथे वर्षानुवर्षं ओल आहे आणि पुढे तुम्हाला दिसेल की पॅनलसाठी तीच जागा सगळ्यात चांगली आहे. सळई उघडी पडली असेल, स्लॅब खाली झुकल्यासारखा वाटत असेल किंवा मोठा भाग पोकळ वाजत असेल, तर इथून पुढचा निर्णय व्हेंडरचा नाही आणि माझाही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर आणि सळई शोधायचं यंत्र घेऊन येईल आणि लेखी देईल.

आता वाऱ्याकडे येतो, कारण छतावरची खरी ताकद इथे लागते. पुण्यासाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो. साडेपंधरा चौरस मीटरला गुणलं तर सुमारे १४०० किलो. उंची, परिसर, पॅनलचा कल यांचे गुणांक लावले की हा आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. वारा खालून शिरला की तो पॅनल उलट्या छत्रीसारखं वर उचलतो. त्याला धरून ठेवायला तुमच्याकडे स्ट्रक्चर आणि पॅनलचे साडेतीनशे किलो आहेत. दीड फूट बाय दीड फूट, एक फूट उंच असा काँक्रीटचा ठोकळा साधारण दीडशे किलोचा. असे सहा नुसते ठेवले तरी एकूण बाराशे-साडेबाराशे किलोपर्यंतच पोचतो, आणि सुरक्षिततेसाठी वर जो फरक ठेवायचा असतो तो उरतच नाही. थोडक्यात, पाय कुठेतरी घट्ट धरावेच लागणार. व्हेंडरचं तेवढं म्हणणं बरोबर आहे.

कशात धरायचे, तिथे तो चुकतोय. ब्रिकबॅट कोबा म्हणजे सिमेंटच्या मालात रचलेले विटांचे तुकडे. चार इंची अँकर वरून मारला, तर तो तुमच्या पाच-आठ इंची थरातच संपतो. स्लॅबपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तो धरतो फक्त विटेच्या तुकड्याला, आणि वर वॉटरप्रूफिंगला भोक पडतं ते वेगळंच. ओढीची ताकदही नाही आणि गळतीची सोय झाली! अँकर मारल्यावर नट घट्ट होतो, हाताने हलवून हलत नाही, म्हणून सगळ्यांना पक्कं वाटतं. दोन पावसाळे गेले की विटेचा भुगा होऊन तो खुळखुळायला लागतो.

गळतीबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोब्यात शिरलेलं पाणी सरळ खाली उतरत नाही. ते विटांच्या तुकड्यांमधून आडवं पसरतं आणि स्लॅबला जिथे बारीक चीर किंवा जोड मिळेल तिथून खाली येतं. त्यामुळे पूर्वेला मारलेल्या बोल्टची ओल पश्चिमेच्या खोलीत दिसू शकते. मग सोलरवाला म्हणतो वॉटरप्रूफिंग जुनं होतं, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो भोकं पाडल्यामुळे गॅरंटी संपली. हा वाद मी अनेक घरांत बघितलाय, आणि पुरावा नसल्यामुळे शेवटी खर्च घरमालकाच्याच गळ्यात पडतो.

म्हणून पाय टेकवण्याआधी पाण्याची चाचणी करा. इंजिनिअरला स्लॅबबद्दल शंका नसेल तरच. पावसाच्या पाईपांची तोंडं बंद करून सर्वात उंच जागीही इंचभर राहील इतकं पाणी भरा, दोन दिवस ठेवा आणि खालच्या प्रत्येक छताचे तारखेसह फोटो काढा. ओल आली तर ती आत्ता, तुमच्या हातात असताना आली. तुमच्याकडे ती येणार हे जवळपास नक्की आहे. तेव्हा उत्तरेचा भाग आधी दुरुस्त करून घ्या. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर जोड, म्हणजे गोळा, फुटलाय का, हे पहिल्यांदा बघा, कारण कडेच्या खोलीतली ओल बऱ्याचदा तिथूनच येते. पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची असते. त्यांच्याखाली ओणवं होऊन कोबा फोडायची वेळ येऊ नये.

पायांसाठी मी जी पद्धत वापरतो ती अशी. बीमच्या वर, पायाच्या जागी फूट-सव्वा फुटाचा चौकोन आखून तेवढाच कोबा स्लॅबपर्यंत कापायचा. खाली बीम असल्याने पुरेशी खोली मिळते. तिथे भोकं पाडून, ती हवेने साफ करून केमिकलने सळया बसवायच्या. भोकातली धूळ तशीच राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. आळस इथेच होतो, म्हणून तेव्हा समोर उभे राहा. मग स्लॅबपासून थेट वर, कोब्याच्या फूटभर वर येईल असा काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. त्याच्या चारही बाजूंना कोब्याशी तसाच सिमेंटचा गोळा करून त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर चढवायचा. बेसप्लेटचे बोल्ट ठोकळ्याच्या माथ्यावर येतात, म्हणजे साचणाऱ्या पाण्याच्या कितीतरी वर. हे काम वॉटरप्रूफिंगवाल्याच्या दुरुस्तीसोबतच करून घ्या, म्हणजे ठोकळ्यांभोवतीच्या जोडाची गॅरंटीही त्याचीच राहते. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया तुमच्या गच्चीवर असतील, तर त्या सोन्यासारख्या आहेत. गंज घासून त्यांच्यावरच ठोकळा ओता. मजला खरंच चढवायचा असेल तर मात्र आधी घरात ते ठरवून टाका.

आता टाकी. वास्तूच्या हिशेबाने आपल्याकडे टाकी नैऋत्येला जाते आणि सोलरवाले कपाळावर हात मारतात. पण तुमच्या गच्चीच्या मापात गणित वाईट नाही. अडचण एवढीच की सर्व्हे उन्हाळ्यात झाला तर सावली फसवते. पुण्यात मेच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस येतो, आणि टाकी बिचारी निरुपद्रवी वाटते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. खरी परीक्षा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली वस्तूच्या उंचीच्या ०.९ पट, सरळ उत्तरेला पडते. सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला ती जवळजवळ १.८ पट होते, सकाळी वायव्येकडे, दुपारी ईशान्येकडे. हे तीन आकडे पुणे परिसरात कुठल्याही महिन्यात खडूने आखता येतात, डिसेंबरची वाट बघायला नको.

तुमची जिन्याची खोली ८ फूट, टाकीखालचा ओटा १ फूट आणि टाकी ४ फूट धरतो. माथा गच्चीपासून १३ फूट. मापं वेगळी असतील तर आकडे बदला. पॅनल गच्चीलगतच्या कमी उंचीच्या स्ट्रक्चरवर सरासरी ३ फुटांवर असतील, तर हिशेबाची उंची १० फूट उरते. टाकी दक्षिण कठड्यापासून ७ फूट आणि पश्चिम कठड्यापासून ४ फूट आत आहे असं समजू. साडेबाराला सावलीचं टोक दक्षिणेपासून १६ फुटांवर. साडेतीनला ते १२ फूट उत्तरेला आणि १३ फूट पूर्वेला सरकतं, म्हणजे दक्षिणेपासून १९ फूट, पश्चिमेपासून १७ फूट. याचा अर्थ दक्षिणेपासून २० फुटांच्या पुढचा सगळा भाग वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशीही साडेतीनपर्यंत टाकीच्या सावलीतून मोकळा आहे. व्हेंडरने सांगितलेला मधला भाग मात्र डिसेंबरात दुपारभर या सावलीच्या वाटेत येतो.

त्याला न्याय द्यायचा तर, ८ फुटी स्ट्रक्चर घेतलं की पॅनल टाकीच्या जवळ जातात, हिशेबाची उंची चार-पाच फुटांवर येते आणि सावली खूप आखडते. शिवाय खाली वाळवणाला, बसायला जागा राहते. पण त्या बदल्यात लोखंड वाढतं, लांब पायांमुळे वारा ठोकळ्यांना उलथवायला बघतो, आणि माणसं कठड्याच्या वर जाऊन काम करतात. दुसरी जागाच नसेल तर मी ते करतो. तुमच्याकडे जागा आहे.

थोड्या सावलीने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. सहा पॅनल एकामागे एक जोडलेले असतात. एका पॅनलच्या काही सेलवर गडद सावली आली की बायपास डायोड त्या पट्ट्याला वगळून वीज पुढे नेतो, म्हणजे हातभर सावलीत पॅनलचा एक-तृतीयांश भाग कामातून जाऊ शकतो. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावून नुकसान त्या एका पॅनलपुरतं ठेवता येतं, पण ते पैसे जागा बदलून वाचत असतील तर का खर्च करायचे? टाकी खाली उतरवा असा सल्ला मिळाला तर लगेच मानू नका. वरच्या मजल्याच्या नळांचा जोर कमी होईल, आणि सोलर वॉटर हीटर असेल तर त्यात थंड पाणी चढणारच नाही.

आता सगळं एकत्र बसवून बघू. ३६ फुटांतून उत्तरेचे ४ फूट वजा करा. ते बाल्कनीवरचं पुढे आलेलं छत आहे, एका बाजूनेच धरलेलं, तिथे एकही पाय नको. म्हणजे उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीचा बीम दक्षिणेपासून ३२ फुटांवर आणि खोल्यांमधला बीम २२ फुटांवर. पायांच्या दोन ओळी याच दोन रेषांवर घ्या. प्रत्येक ओळीत चार, एकूण आठ पाय. सहा पॅनल एका रांगेत उभे लावले की रुंदी साडेबावीस फूट होते, ३० फुटांत ती दोन्ही बाजूंना साडेतीन-चार फूट वाट सोडून बसते. पॅनलची खोली सव्वासात फूट आणि बीममधलं अंतर १० फूट, त्यामुळे राफ्टर जरा जाड लागेल. लोखंडाचा थोडा खर्च वाढेल, पण एकही पाय स्लॅबच्या पोटावर येणार नाही. १५ अंशांच्या कलाने पुढचा पाय २ फूट आणि मागचा पावणेपाच फूट होतो. पुढच्या कडेखालून झाडू जातो, पुन्हा कोटिंग करायचं झालं तर माणूस शिरू शकतो. दक्षिणेकडचे २० फूट वाळवणाला मोकळे राहतात. बीमच्या जागा अंदाजाने घेऊ नका. खालच्या मजल्यावर बाहेरच्या कोपऱ्यापासून मोजा, भिंतीची जाडी धरा आणि तेच माप वर खडूने उतरवा.

कामगारांचा विचार सर्व्हेत सहसा होतच नाही. माझ्या मते तुमच्याकडे सर्वात मोठा धोका उंचीचा नाही, पूर्वेच्या तारांचा आहे. स्ट्रक्चरचे पाईप २० फुटी येतात. जिन्यातून ते वळत नाहीत, म्हणून पोरं रस्त्याच्या बाजूने दोरीने वर ओढतात, आणि वर आल्यावर पाईप आडवा फिरवताना त्याचं दुसरं टोक कुठे जातंय हे कुणी बघत नाही. ११ केव्ही लाईन इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर हवी असा नियम आहे, पण ते अंतर इमारतीसाठी आहे, हातातल्या २० फुटी पाईपसाठी नाही. सर्व्हेतच ठरवा: पाईप खाली कापून १० फुटी करून आणायचे, आणि चढवायचे पश्चिमेकडून. ते शक्यच नसेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज करून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. पॅनल साडेसात फूट लांब असतं, तेव्हा जिन्याच्या वळणावर टेप लावून बघा. रुंदी तीन फुटांच्या आत असेल तर उभं पॅनल दोघांना वळवणं कठीण जातं. सोसाट्याच्या वाऱ्यात ते बाहेरून दोरीने चढवणं तर नकोच.

सेफ्टी बेल्ट आणला का, हे सगळेच विचारतात. तो कशाला बांधणार, हेही विचारा. जुन्या घरांचा कठडा चार इंची विटेचा असतो. त्याला दोर बांधून माणूस लटकला, तर कठडाच त्याच्याबरोबर खाली जाईल. दोर बांधायची जागा म्हणजे जिन्याच्या खोलीचा कॉलम किंवा नवीन ओतलेले ठोकळे, तेही पुरते पक्के झाल्यावर. वर सांगितलेल्या मांडणीत मागची कड जेमतेम पाच फुटांवर येते, त्यामुळे बहुतेक काम गच्चीवर उभं राहूनच होतं. उत्तरेच्या कडेला बाल्कनीचे ४ फूट आपोआप अंतर ठेवतात. टाकी धुणाऱ्याची शिडी आणि पावसाच्या पाईपांची तोंडं मात्र पॅनलखाली जाऊ देऊ नका. टाकीचा ओव्हरफ्लो पाईपही खाली वळवून घ्या. वाऱ्याने उडालेल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवरून निघता निघत नाहीत.

खर्चाचा एक भाग स्पष्ट असू द्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण कोब्याची दुरुस्ती आणि ठोकळे तुमच्या खिशातून. कोटेशनमध्ये ठोकळ्यांची संख्या आणि माप, बेसप्लेट, वाऱ्याचा धरलेला वेग आणि ठोकळ्याभोवतीच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी वेगळ्या ओळींत लिहून मागा.

क्रम असा ठेवा: आधी छताची तपासणी आणि पाण्याची चाचणी, मग कोब्याची दुरुस्ती आणि ठोकळे एकत्र, किमान पंधरा दिवस पाणी मारून झाल्यावर स्ट्रक्चर, शेवटी पॅनल. पावसाळा तोंडावर असेल आणि एवढा वेळ नसेल, तर दुरुस्ती आणि ठोकळे आत्ता उरकून पॅनल ऑक्टोबरात लावा. ठोकळ्यांभोवतीचा जोड एक पावसाळा बघून होईल, आणि बेडरूमचं छत कोरडं राहिलं की नाही ते पॅनल चढण्याआधीच कळेल.